अॅडक्टर कॅनॉल ब्लॉक आणि मांडीची ताकद

> "आईचा गुडघा बदलला. मांडीत भूल दिली होती, तरी ती त्याच संध्याकाळी वॉकर धरून चालली. मांडी लुळी कशी पडली नाही?"

ही भूल म्हणजे नर्व्हजवळ औषध सोडून दिलेला ब्लॉक, आणि तो कोणत्या उंचीवर दिला, यात उत्तर आहे. गुडघा सरळ करणारे मांडीचे पुढचे स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, फिमोरल नर्व्हवर चालतात. ही नर्व्ह जांघेच्या जरा खालीच फांद्यांमध्ये फुटते, आणि क्वाड्रिसेप्सच्या चारपैकी तीन भागांच्या फांद्या तिथेच वेगळ्या होतात. जांघेत सुई दिली तर सगळंच बधिर होतं, उभं राहताना गुडघा दुमडतो आणि पेशंट पडतो.

अॅडक्टर कॅनॉल हा स्नायूंमधला अरुंद मार्ग मांडीच्या मधोमध, सार्टोरियस स्नायूखाली सुरू होतो. तिथवर रक्तवाहिन्यांसोबत मुख्यतः दोनच नर्व्ह पोचतात: फक्त संवेदना नेणारी सॅफेनस आणि क्वाड्रिसेप्सच्या चौथ्या भागाची, म्हणजे व्हास्टस मिडियालिसची. म्हणून तिथे ब्लॉक दिला की दुखणं कमी होतं, ताकद बरीचशी टिकते. मात्र औषध जास्त झालं किंवा सुई फार वर गेली, तर ते वर पसरून तोच अशक्तपणा येतो. त्यामुळे उभं करण्याआधी पाय सरळ ठेवून उचलायला सांगतात. टाच पलंगावरून सुटली नाही, तर चालवायचं नाही.

गुडघ्याच्या मागच्या बाजूला मात्र दुखू शकतं, आणि त्याचा अर्थ ब्लॉक फसला असा नाही. मांडीचे मागचे स्नायू सायटिक नर्व्हवर चालतात, आतल्या बाजूचे बहुतांशी ऑब्ट्युरेटर नर्व्हवर. गुडघ्याच्या मागच्या भागाची संवेदनाही याच दोघींच्या फांद्या नेतात.