नुसता खोलीचा फोटो आला, सोबत शब्द नाही: आधी विचारावं की दिसतं ते सांगावं?

तापीकाठची
चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावाकडच्या धाब्याच्या घरातून मोठ्या काकूंनी भाऊबंदांच्या ग्रुपवर माजघराचा फोटो टाकला. सोबत एक अक्षर नाही. रविवारी कानबाई बसणार आहे. कोणी रंग सुचवतंय, कोणी डागडुजी, एक चुलतभाऊ म्हणतो घर विकायचंय म्हणून किंमत विचारतायत. काकूंना विचारून फोटो इथे लावलाय. अशा फोटोला काय उत्तर द्यायचं: आधी विचारायचं, की आपल्याला दिसतं ते सांगून टाकायचं?

रंगछटा
श्रावणात, कानबाईच्या आठवड्यात, झाडून काढलेल्या रिकाम्या माजघराचा फोटो आला तर तो सजावटीसाठीच. आमच्या धुळ्याच्या घरी या दिवसांत दुसरा विषयच नसतो. देव्हाऱ्याजवळची भिंत मोकळी दिसते, चौरंग तिथेच बसेल. भिंत मातीची आहे, तेव्हा तिला प्लास्टिक पेंट लावू नका. ओल आत कोंडते आणि पावसाळा संपायच्या आत पोपडे सुटतात. चुना किंवा पांढऱ्या मातीचा हात द्या, ओल बाहेर पडायला वाट राहते. डावीकडे वर एक भेग दिसते, ती पुट्टी भरून बुजवा आणि त्यावर चुना मारा. दोन दिवसांचं काम आहे.

ओळंबा
चुन्याचं बरोबर आहे. भेग बुजवायचं मात्र काढून टाका.

फोटो मोठा करून पाहा. मधली तुळई डाव्या भिंतीत शिरते तिथे तिच्या तोंडाभोवती तपकिरी डाग आहे, आणि त्याच्याच खालून भेग तिरकी खाली उतरलीय. उजव्या अंगाला तीच तुळई खांबावर बसलीय, तिथे भिंत स्वच्छ आहे. हा फरक महत्त्वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच धाब्यांत सगळं ओझं सागवानी खांबांवर असतं, भिंत नुसता आडोसा. तशा घरात भिंतीला भेग गेली तरी छत जागचं हलत नाही. इथे डावीकडे खांब नाही, म्हणजे तुळईचं ते टोक भिंतीवरच टेकलंय. ओल लागली की लाकूड भिंतीच्या आत कुजतं, बाहेरून फळीवर डाग सोडून काही दिसत नाही.

वर किती वजन आहे याचा अंदाज घेऊ. खोली १० बाय १२ फुटांची धरा आणि मातीचा थर एक फुटाचा. १२० घनफूट माती झाली. दाबून बसलेली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते, म्हणजे साडेपाच-सहा टन. दरवर्षी पावसाळ्याआधी खारी टाकत गेलं आणि जुना थर कधी खरवडला नाही तर थर दीड फुटावरही जातो. झड लागून माती भिजली की वजन आणखी चढतं. त्या मधल्या तुळईवर यातला निम्म्याच्या आसपास भार येतो.

आणि टीव्हीच्या टेबलामागे बघा, कोपऱ्यात बल्ली उभी आहे. नवी आहे, सालही निघालेली नाही. घरातल्या कोणाला तरी शंका आलेली आहे.

माझं उत्तर: आजच सांगा. त्या तुळईखाली कोणी झोपू नये, आणि रविवारी तिथे माणसं दाटीने बसवू नयेत. मग निवांत विचारा फोटो कशासाठी होता.

गावठाण
ओळंबा दादा, तुमचा अनुभव मान्य. पण उत्तर मान्य नाही. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून काढलेल्या फोटोत कडेच्या सरळ रेषा वाकतात. तुळई झुकलीय की लेन्सने झुकवलीय हे तुम्ही घरबसल्या ठरवू शकत नाही. डाग मागच्या पावसाचा असेल, गळती कधीच बंद झाली असेल.

दुसरं म्हणजे हा भाऊबंदांचा ग्रुप आहे. तिथे "घर धोक्याचं आहे" असं एकाने लिहिलं की ते वाक्य उद्या वाटणीच्या बैठकीत येतं. ज्याला घर पाडून जागा मोकळी करायचीय तो तेच दाखवतो, ज्याला हिस्सा स्वस्तात घ्यायचाय तोही तेच दाखवतो. काकू बिचाऱ्या रंगाचं विचारत असतील आणि त्यांच्या हातून घर जाईल. मी सांगस, पहिले इचारा, मंग बोला.

किंमतीचं म्हणाल तर खोलीच्या फोटोवरून ती निघतच नाही. गावठाणातल्या जुन्या धाब्याची किंमत मुख्यतः जागेची असते. रस्त्याकडची रुंदी किती, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव कोणाचं, ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालंय का, हे कागद लागतात. बांधकामाची म्हणून किंमत धरायचीच तर सागवानाची. १२ फुटांची, आठ बाय आठ इंची तुळई सव्वापाच घनफुटांच्या जरा वर भरते. टोक कुजलं असेल तर दीड-दोन फूट कापून टाकावं लागतं, घेणारा तेवढं आधीच वजा करतो.

केळीबाग_रावेर
आमच्याही स्लॅबला अशीच ओल आहे. जळगावात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, वरच्यांच्या बाथरूममधून पाणी येतं. वॉटरप्रूफिंगवाल्याने रसायन मारलं, सहा महिन्यांत पुन्हा तोच डाग. काकूंनी तसलं रसायन मारायला हरकत नाही, पण हमी लिहून घ्यावी.

ओळंबा
केळीबाग, तुमची स्लॅब सिमेंटची आहे, ही माती आहे. मातीच्या धाब्यावर रसायन मारून उपयोग नाही. वरचं पन्हाळ तुंबलं असेल तर ते मोकळं करायचं, गवत उगवलं असेल तर मुळासकट काढायचं, आणि झड चालू असेपर्यंत ताडपत्री टाकायची. तुमचा प्रश्न वेगळा धागा काढून विचारा, तिथे बोलू.

गावठाण, लेन्सचं तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच मी तुळई झुकलीय असं कुठेही म्हटलं नाही. लेन्स रेष वाकवते, पण तुळईच्या तोंडाशी डाग आणि त्याच्याच खाली भेग अशी जोडी लेन्सने तयार होत नाही. फोटोवरून "इथे धोका दिसतो" इतकं म्हणता येतं. "धोका नाही" असं फोटोवरून कोणालाच म्हणता येत नाही, कारण कुजलेलं टोक भिंतीच्या आत असतं. म्हणून विचारून उत्तराची वाट बघत बसणं मला पटत नाही. काकू रात्री त्याच खोलीत निजत असतील तर?

पांझराकाठ
फोटो कसा काढलाय यावरूनही कळतं की. दुरुस्ती विचारणारा माणूस भेगेजवळ जाऊन काढतो, बोटही ठेवतो. विकणारा दारात उभं राहून चारही कोपरे घेतो. हा फोटो समोरची भिंत मधोमध धरून काढलाय, भेग कडेला आलीय. म्हणजे काकूंच्या मनात भिंतच होती. रंगछटा ताईंचं बरोबर वाटतं.

तापीकाठची
काकूंचे गुडघे दुखतात, त्या खाटेवर बसूनच फोटो काढतात. समोर जे येईल ते मधोमध येतं. त्यामुळे यावरून मला काही ठरवता येत नाही.

सकाळी फोन केला, शेतात होत्या. पुतण्याने उचलला. बल्ली कोणी लावली विचारलं तर म्हणाला, आजोबांनी, गेल्या आठवड्यात, रात्री माती गळत होती म्हणून. फोटो काकूंनी कशासाठी टाकला हे त्यालाही माहीत नाही. आता तो तिथेच आहे, त्याला काय बघायला सांगू?

ओळंबा
माती गळत होती हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. फळ्यांच्या फटीतून माती पडू लागते तेव्हा वरची एखादी कडी किंवा फळी हललेली असते, नाहीतर वाळवीने खाल्लेली असते.

पुतण्याला एवढंच सांगा. एक पातळ सळई किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन तुळई भिंतीत शिरते तिथे खालून टोचायचा. चांगलं सागवान टोक आत घेत नाही. इंचभर सहज गेला तर आत भुसा झालाय. हे करताना तुळईखाली उभं राहायचं नाही, बाजूला शिडी लावून करायचं, आणि घरातल्यांना तोवर बाहेर काढायचं. मग भेगेच्या खालच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायची, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून जवळून फोटो घ्यायचा. भेगेवर आडवी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून ठेवली तर आणखी बरं. पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून चालतेय.

बल्लीचं बूड कशावर आहे तेही बघायला सांगा. नुसत्या मातीच्या जमिनीवर असेल तर ती हळूहळू रुतते आणि वरून सैल पडते. खाली जाड फळी हवी, वर तुळईला भिडवून पाचर ठोकायची, हाताला घट्ट लागेल इतकीच. तुळई वर उचलायचा प्रयत्न करायचा नाही, त्याने भिंतीवरचं टोकच निसटतं. आणि बल्ली कोपऱ्यात असून उपयोग नाही, ती तुळईच्याच खाली, भिंतीपासून फूटभर अंतरावर हवी.

रंगछटा
मग कानबाई कुठे बसवायची? वर्षानुवर्षं ती माजघरातच बसते, जागा अशी बदलत नाहीत. सगळी भाऊबंदकी रोट खायला येणार, पन्नास माणसं होतात. वरची एक फुटाची माती थोडी उतरवून घेतली तर ओझं कमी होईल ना?

ओळंबा
होईल, पण आत्ता नाही. पावसात धाब्यावर चार माणसं चढवायची, ओली माती ढिगाने एका जागी ओढायची, म्हणजे नेमक्या कमजोर जागेवर वजन वाढवायचं. हे काम दिवाळीनंतर, माती कोरडी झाल्यावर, दोन्ही कडांकडून सारखं करत आणायचं. रविवारी देवी ओसरीवर बसवा. ओसरीचे खांब फोटोतल्या दारातून दिसतात, ते सरळ आहेत.

गावठाण
ओसरीचं छत तुम्ही पाहिलेलं नाही. आत्ताच म्हणालात ना, फोटोवरून "धोका नाही" म्हणता येत नाही म्हणून? मग ओसरी कशी सुचवता?

ओळंबा
रास्त प्रश्न. ओसरीलाही तीच सळई लावून बघू द्या. पुतण्या चढेलच शिडीवर.

गावठाण
आणि हे सगळं ग्रुपवर लिहू नका, एवढं माझं ऐका. आजोबांना फोन करा. बल्ली त्यांनी लावलीय, घर त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तापीकाठची
ग्रुपवर मी फक्त "काकू, फोन करते" एवढंच लिहिलंय. पुतण्याने आत्ता कळवलं: सळई दोन बोटं आत गेली. बल्लीखाली फळी नव्हती, आता टाकलीय. काकूंची खाट ओसरीवर नेलीय, ओसरीच्या तुळया बघायच्या राहिल्यात. चुलतभाऊ मात्र ग्रुपवर अजून किंमतच विचारतोय, त्याला काय लिहावं यावर घरात दोन मतं आहेत.

पांझराकाठ
त्याला नमुना ८ चा उतारा आणायला सांगा. तोवर झड ओसरेल.