'ग्राउंड लिफ्ट' म्हणजे नेमकं काय तोडायचं?

निशिगंध: अँप्लिफायरच्या मागे एक छोटं बटण आहे, त्यावर 'ग्राउंड लिफ्ट' लिहिलंय. माहितीपुस्तिकेच्या मराठी पानावर त्याला 'अर्थिंग काढा' म्हटलंय, हे बरोबर आहे का? विचारायचं कारण म्हणजे केबलचा सेटटॉप बॉक्स अँप्लिफायरला जोडल्यापासून स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतोय, बॉक्स बंद केला तरी जात नाही, त्यामुळे बॉक्सचा दोष नसावा असं वाटतं.

आडवाट: बरोबरच आहे की. हा ग्राउंड लूपचा आवाज आहे. अँप्लिफायरच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाका, घूं लगेच थांबतं. मी तेच केलंय, काही झालं नाही अजून.

मध्यलय: लूप म्हणजे तोच तुकडा परत परत वाजवणं ना? मग बॉक्समध्ये काहीतरी अडकलं असेल, रीसेट मारून बघा.

सोल्डरवाला: नाही हो, हा तो लूप नाही. इथे लूप म्हणजे तारांनी बंद झालेलं वर्तुळ. कोअॅक्स केबलची बाहेरची जाळी इमारतीत शिरते तिथे अर्थ केलेली असते आणि अँप्लिफायर आपल्या तीन पिनच्या प्लगमधून वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेला असतो. या दोन अर्थमध्ये थोडा व्होल्टेज फरक असतोच, त्यामुळे जाळीतून, बॉक्सच्या बॉडीतून आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून मेन्सचा करंट फिरायला लागतो. साध्या आरसीए केबलमध्ये तीच जाळी सिग्नलची परतीची वाट असते, म्हणून तिच्यावरचा बारीकसा व्होल्टेजसुद्धा गाण्यात मिसळतो आणि ५० किंवा ६० हर्ट्झचं घूं ऐकू येतं. निशिगंध, बॉक्स बंद केल्याने जाळी तुटत नाही, म्हणून ती टेस्ट धरू नका. आवाज कमी करून बॉक्सच्या मागचा कोअॅक्सचा स्क्रू पूर्ण सोडवा, बाकी सगळं जोडलेलं चालू राहू द्या आणि मग ऐका.

निशिगंध: सोडवला. एकदम शांत! परत नुसता टेकवला तरी घूं सुरू, स्क्रू आवळायचीही गरज नाही.

सोल्डरवाला: मग नक्की लूपच. आता मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून सुटलेल्या कोअॅक्सच्या बाहेरच्या धातूपासून अँप्लिफायरच्या बॉडीपर्यंत मोजा. आणि हो, उघड्या धातूला हात लावू नका.

निशिगंध: ०.६ दाखवतोय.

सोल्डरवाला: हे नेहमीचंच. दहावीस किंवा जास्त व्होल्ट दिसले असते तर मी म्हटलं असतं परत जोडूच नका, आधी वायरमनला अर्थिंग तपासू द्या. तुम्ही कोअॅक्सचा ग्राउंड लूप आयसोलेटर आणा. त्याच्यात जाळी आणि मधली तार दोन्हींच्या वाटेत कपॅसिटर असतात, चॅनेलची हाय फ्रीक्वेन्सी आरपार जाते पण मेन्सची अडते. तो बॉक्सजवळ लावा म्हणजे इमारतीच्या तोंडाशी असलेलं केबलचं अर्थिंग जसंच्या तसं राहील.

आडवाट, तुमच्या उपायाने वर्तुळ तुटतं हे खरं, पण चुकीच्या जागी तुटतं. उद्या अँप्लिफायरच्या आत लाइव्ह तार बॉडीला लागली तर फॉल्ट करंटला प्लगमधून वाट नाही, तो कोअॅक्सच्या बारीक जाळीतून जाईल, आणि ती सोडलेली असेल तर बॉडीला हात लावणाऱ्या माणसातून. आज ती पिन परत लावा, प्लीज. बटणाचा 'लिफ्ट' फक्त सिग्नलची जाळी बॉडीपासून सोडवतो, प्लगची अर्थ तशीच राहते. म्हणून 'अर्थिंग काढा' हा अनुवाद धोकादायक आहे, मी 'सिग्नलची ग्राउंड सोडवा' असं लिहीन.

पिंगळा: मी डिशच्या लाइनवर असाच आयसोलेटर लावला तर सगळे चॅनेल गेले, माझा पीस खराब होता का?

सोल्डरवाला: पीस ठीक असेल. डिशवरच्या एलएनबीला त्याच केबलमधून डीसी पॉवर जाते आणि कपॅसिटर डीसी अडवतो. तुम्ही ऑडिओच्या बाजूने तोडा, बॉक्सला ऑप्टिकल आउट असेल तर सगळ्यात सोपं, कारण त्यात तांबंच नसतं.

आडवाट: पिन लावतो परत. पण ऑडिओवर ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर पण मिळतो ना, तो चालेल?

सोल्डरवाला: चालेल, फक्त स्वस्तातला असेल तर मोठ्या आवाजात खालचा बास चेपतो.

निशिगंध: आधी बटण दाबून बघितलं, घूं कमी झालं पण गेलं नाही. मग आयसोलेटर बॉक्सजवळ लावला, आता स्पीकरला कान लावला तरी काही नाही. त्याच केबलवर स्प्लिटरच्या पुढे मोडेम आहे, तो नीट चालतोय.

सोल्डरवाला: आयसोलेटर स्प्लिटर आणि बॉक्सच्या मध्ये आहे म्हणून मोडेमच्या वाटेत तो येतच नाही. स्प्लिटरच्या आधी लावणार असाल तर तो साधारण ५ मेगाहर्ट्झपासून पास करतो का ते बघा, मोडेम उलट दिशेला खालच्या फ्रीक्वेन्सीवर बोलतो.

मध्यलय: 'सिग्नलची ग्राउंड सोडवा' बटणावर मावणार कसं? नुसतं 'ग्राउंड सुटी' चालेल?

पिंगळा: 'सुटी' वाचून कोणीतरी परत पिनच काढेल.