‘होकारकल’ की ‘मम म्हणणे’? आणि ‘साळसूदपणा’ कितपत चालेल?

आडवाट: कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेची प्रश्नावली मराठीत करतेय, त्यात दोन शब्दांवर अडलेय. अ‍ॅक्विएसन्स बायस म्हणजे विधान काहीही असो, माणूस ‘सहमत’वर टिक करून मोकळा होतो. आणि सोशल डिझायरेबिलिटी बायस म्हणजे आपण चांगले दिसू असं उत्तर देणं. दोन्हीकडे ‘पूर्वग्रह’ लिहिलेलं सापडतं, पण ते मला पटत नाही कारण इथे कोणाबद्दल आधीच मत बनवलेलं नाहीये.

तिरकीट: पहिल्यासाठी आपल्याकडे ‘मम म्हणणे’ आहेच की! भटजी सांगतात, आपण अर्थ न बघता मम म्हणतो, अगदी तेच. ‘री ओढणे’ नको, त्यात कोणाची तरी बाजू घेणं येतं. दुसऱ्याला ‘साळसूदपणा’.

मोरपीस: बायस म्हणजे पक्षपात ना? आमच्या ऑफिसात तोच झाला होता, फॉर्म भरताना टीम लीडर मागे उभा, टीममध्ये आम्ही सहा जण आणि फॉर्मवर वय पण विचारलेलं. नाव लिहू नका म्हणाले पण कोण कोण आहे ते लगेच कळणार, मी सगळीकडे सहमत सहमत करून दिलं.

सांजवेळ: मोरपीस, त्याला पक्षपात नाही म्हणणार, पण तुमचं उदाहरण फार मोलाचं आहे. ते मम म्हणणंही नाही आणि साळसूदपणाही नाही, ती सरळ भीती आहे. शब्द कितीही चांगला लिहिला तरी ती जात नाही, त्यासाठी वय-विभाग विचारणं बंद करायचं, लहान टीमचे आकडे वेगळे दाखवायचे नाहीत आणि फॉर्म एकट्याने भरू द्यायचा.
‘साळसूदपणा’ मला जड वाटतो, त्यात मुद्दाम सोंग आहे. इथे पुष्कळदा माणूस स्वतःलाही तसंच समजावत असतो. मी ‘भलेपणाचा कल’ म्हणेन. आडवाट, तुमचं एखादं विधान टाका ना.

आडवाट: ‘माझ्या कामाच्या ठिकाणी छळ होत नाही.’ सहमत / असहमत.

तिरकीट: सोप्पं आहे, अर्धी विधानं उलटी करा. ‘माझा छळ झाला आहे’ असं. मम म्हणणारे दोन्हीकडे हो म्हणतील आणि पकडले जातील.

सांजवेळ: अर्धं बरोबर. मूळ विधानात दोन्ही कल एकाच बाजूला ओढतात, हो म्हणणं सोपं आणि हो म्हणणं चांगलंही दिसतं, म्हणून निकाल छान छान येतो. उलटं केलं की होकार एकीकडे ओढतो आणि लाज-भीती दुसरीकडे, मग आलेल्या आकड्यात कोणाचा वाटा किती ते कळतच नाही. शिवाय मराठीत ‘होत नाही’ला ‘असहमत’ म्हणजे नक्की काय? तोंडी विचारलं तर लोक ‘हो, नाही होत’ही म्हणतात आणि ‘नाही, नाही होत’ही म्हणतात, अर्थ एकच.
सहमत-असहमतच काढा. आणि ‘छळ’ हा शब्दही काढा, कारण तो लिहिला की माणसाला आधी स्वतःला पीडित आणि दुसऱ्याला गुन्हेगार ठरवावं लागतं. घडलेली गोष्ट विचारा:
‘गेल्या 12 महिन्यांत वरिष्ठ किंवा सहकारी इतरांसमोर तुमच्यावर ओरडले, असं किती वेळा झालं?’ एकदाही नाही / एकदा / 2 ते 5 वेळा / त्याहून जास्त.
यात मम म्हणायला जागाच नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांचं 2003 मध्ये एकत्र विश्लेषण झालं होतं, त्यात ‘लैंगिक छळ झाला का’ असं थेट विचारल्यावर सरासरी 24 टक्के बायका हो म्हणाल्या आणि वागणुकींची यादी दिल्यावर 58 टक्के.

तिरकीट: मग 58 खरं आणि 24 खोटं?

सांजवेळ: नाही, इतकं सरळ नाही. यादीतली प्रत्येक गोष्ट त्या बाईला छळ वाटलीच असेल असं नाही, दोन प्रश्न दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. दोन्ही हवे असतील तर यादी आधी, ‘छळ’ शब्द अगदी शेवटी.

आडवाट: आणि प्रामाणिकपणाचं? ‘मी कामाचे तास नेहमी खरे लिहितो’ असं विधान आहे, आणि त्यात तो ‘नेहमी’.

सांजवेळ: तिथे भलेपणाचा कल सगळ्यात जोरात. ‘घाईत किंवा विसरल्यामुळे तास अंदाजाने लिहिले जातात. गेल्या महिन्यात तुमच्याकडून असं किती दिवस झालं?’ पण बघा, प्रश्नातच सबब दिल्यामुळे लोक जास्त कबूल करतात, का उलट मुद्दाम वाढवलेले तासही त्या ‘अंदाजा’त लपवतात, हे मला अजून नीट सोडवता आलेलं नाही. म्हणून मुद्दाम वाढवलेल्या तासांचा प्रश्न वेगळा ठेवते, आणि त्याचा आकडा कमीच येणार असं धरून चालते.

मोरपीस: आमच्या फॉर्मवर ‘छळ’ शब्द होता. ओरडणं विचारलं असतं तर, टीम लीडर मागे नसता तर, मी ‘त्याहून जास्त’ लिहिलं असतं.

आडवाट: मोरपीस, हे सांगितलंत त्याबद्दल खरंच आभार, वयाचा रकाना आत्ताच काढतेय. शब्दांपैकी ‘भलेपणाचा कल’ घेते. ‘मम म्हणणे’ मला आवडलंय पण अहवालात ‘मम-कल’ लिहिलं तर कळेल का लोकांना? ‘होकारकल’ कोरडा आहे, पण वाचणारा अडत नाही.

तिरकीट: अहवालात होकारकल लिहा, बोलताना मम. पण साळसूदपणा मी सोडत नाहीये, मुद्दाम वाढवलेल्या तासांना तोच शब्द लागतो.