भेटीची कुंडली : वेळ पक्की नसेल तर

> "पहिली भेट संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान झाली. अंदाजे वेळ घालून कुंडली मांडली तर चालेल का?"

लग्नावरून, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणाऱ्या राशीवरून, वाचणार असाल तर नाही चालणार. लग्नाचा एक अंश साधारण 4 मिनिटांत सरकतो. समजा, भेट 15 फेब्रुवारी 2015 ला पुण्यात झाली. निरयन पद्धतीने सहा वाजता कर्क लग्न येतं, सात वाजता सिंह. कर्क धरलं तर लग्नेश चंद्र धनु राशीत, म्हणजे षष्ठात. नातं वाद आणि कर्तव्याच्या ओझ्याखाली दिसतं. सिंह धरलं तर लग्नेश रवी कुंभेत, थेट सप्तमात, आणि तेच नातं जोडीदाराभोवती फिरणारं वाटतं. दोन्ही वाचनं गोड लागतात, म्हणूनच फसायला होतं.

आधी मोबाइलमधल्या फोटोची किंवा हॉटेलच्या बिलाची वेळ शोधा. स्थळ भेटीचंच घ्या, घरचं नको. ओळख ऑनलाइन झाली असली तरी मी प्रत्यक्ष भेटीचीच वेळ धरते, कारण पहिला मेसेज पुष्कळदा एकाच बाजूचा असतो.

वेळ नाहीच मिळाली तर लग्न आणि भावांचा नाद सोडा. चंद्र तासाला जेमतेम अर्धा अंश चालतो, त्यामुळे वरच्या उदाहरणात सहा काय, सात काय, तो धनूतच राहतो. त्यालाच प्रथम स्थान माना आणि गोचर शनी बघा. मूळ शनी वृश्चिकेत आहे. 2023 ते 2025 मध्ये तो तिथून चौथ्या कुंभेत होता. नात्याच्या पायाची परीक्षा याच काळात वाचतात. तेव्हा काय घडलं, ते दोघांना वेगवेगळं विचारा.