मदत हवी आहे: वऱ्हाडी आणि अहिराणी एकाच झाडावर कशा दाखवू?

पूर्णाकाठ
मलकापूर तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनासाठी मुलांकडून फलक करून घेतेय: आपल्या भागातल्या भाषांचं झाड. पुस्तकांत वऱ्हाडी मराठीच्या फांदीवर आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मात्र खान्देशी, म्हणजे अहिराणी, मराठीच्या खंडात नाही. भिल्ली बोलींबरोबर वेगळी ठेवली आहे. पण माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं आहेत आणि दोघंही 'डोळा'ला 'डोया' म्हणतात, 'काळा'ला 'काया'. 'मला'मधल्या 'ला'च्या जागी दोघांचाही 'ले' येतो. मग फांद्या वेगळ्या कशा? झाड चुकलंय की माझं काही समजायचं राहिलंय?

तुषार_अकोट
सोपं आहे. दोन भाषांतले सारखे शब्द मोजा. ज्या भाषेशी जास्त जुळतील तिच्या फांदीवर ठेवा. आणि झाडाची कल्पना तशीही जुनी झाली. योहानेस श्मिटने १८७२ मध्ये लाटांचा सिद्धांत मांडला तेव्हाच ती मोडीत निघाली.

गजानन_नांदुरा
म्याडम, माह्या पोराले शायेत 'डोया' म्हनलं का बाई 'डोळा' लिव्हाले लावते. हे बरोबर हाय का? घरी तं सारे तसंच बोलतेत.

शब्दवेडा
तुषार, शब्द मोजून आपल्याच जिल्ह्यात फसगत होते. जळगाव जामोदकडची निहाली घ्या. तिच्यात कोरकूचे शब्द इतके आहेत की ती बराच काळ कोरकूच्याच कुळातली मानली गेली. पण आकडे ऐका: दोन, तीन, चार द्राविडी वळणाचे, आणि पाचापासून पुढे आपल्यासारखे. शेजाऱ्यांकडून आलेलं सगळं बाजूला काढलं की जे उरतं ते कोणत्याच कुळाशी नीट जुळत नाही. आज बहुतेक अभ्यासक तिला एकटी भाषा मानतात. उसनवारी मोजून नातं ठरवलं असतं तर ती कोरकूची बहीणच राहिली असती.

पूर्णाकाठताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. झाडावर दोन बोली एका फांदीवर ठेवायच्या तर दोघींनी मिळून काहीतरी *नवं* केलेलं असावं लागतं. जुनं दोघींनी नुसतं टिकवलं असेल तर त्यावरून फांदी ठरत नाही. इथे 'ळ' जुना आहे, 'य' हा नंतरचा बदल. म्हणून 'डोया' पाहिलं तर वऱ्हाडी आणि अहिराणी एका फांदीवर, पुण्याची मराठी बाहेर. आता 'घराचा' पाहा. वऱ्हाडीत 'चा' आहे, पुण्यात आहे, कोकणीतही आहे. अहिराणीत 'घरना', गुजरातीच्या 'नो'सारखं. या खुणेवर वऱ्हाडी आणि पुणे एकत्र, अहिराणी बाहेर. या दोन्ही फांद्या एकाच झाडावर काढताच येत नाहीत, कारण वऱ्हाडीला दोन ठिकाणी बसवावं लागेल.

श्मिटची अडचण हीच होती. स्लाव्ह भाषा काही खुणांत जर्मनकडे झुकतात, काहींत इराणीकडे. त्याचं म्हणणं असं की बदल एका जागी सुरू होतो आणि शेजारी शेजारी पसरत जातो, मधली फांदी कुणाची हे न पाहता. पण त्याने झाड मोडीत निघालं नाही. लोक दूर गेले, बोलणं तुटलं, तिथे झाड चांगलं लागू पडतं. बाजार, सोयरीक आणि रेल्वे सतत चालू आहे, तिथे लाट.

खान्देशी_भाऊ
'ले' मूळचा आमचाच. वऱ्हाडाने आमच्याकडून उचलला.

शब्दवेडा
भाऊ, कोणी कोणाकडून घेतला हे एका प्रत्ययावरून ठरत नाही. नेपाळीत 'लाई' आहे, म्हणजे असे प्रत्यय दूरवर सापडतात. 'ळ'चा 'य' होणं तर दोन ठिकाणी आपापलं घडू शकतं. सलग पट्ट्यात दिसलं तर लाट म्हणायला जोर येतो, एवढंच.

गजाननभाऊ, तुमच्या पोराच्या वहीतला 'डोळा' हीही एक लाटच आहे, शाळेतून आलेली. घरी 'डोया' आणि वहीत 'डोळा', दोन्ही राहू द्या.

पूर्णाकाठ
मग फलकावर झाड काढूच नको का?

शब्दवेडा
काढा, पण वऱ्हाडी–अहिराणीपुरता शेजारी नकाशा जोडा. शेगाव, नांदुरा, मलकापूर, बोदवड, भुसावळ अशी रेल्वेच्या कडेची गावं घ्या. प्रत्येक ठिकाणी शेतात राबलेल्या, शाळेत फार न गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना 'डोळा', 'मला दे' आणि 'घराचा' हे तीनच विचारा. आधी आपण बोलून दाखवू नका, नाहीतर ते तुमचंच परत म्हणतील. उत्तर जिथे बदलतं तिथे रेघ मारा. तिन्ही रेघा एकाच जागी पडल्या तर फांदी वेगळी म्हणायला आधार आहे. वेगवेगळ्या पडल्या तर तो मधला पट्टा झाडात बसणार नाही.

पूर्णाकाठ
बोदवडची दोन मुलं मामाकडे जातात, त्यांना तिकडचं विचारायला सांगते. एक राहिलं: सून खान्देशातली आणि सासर वऱ्हाडातलं, अशी घरं इथे पुष्कळ आहेत. त्या आजीचं उत्तर कोणत्या गावात धरायचं?

शब्दवेडा
माहेर आणि सासर दोन्ही लिहा, पण रेघ मारताना तिला सध्या बाजूला ठेवा. खरं तर 'ले' आणि 'डोया' अशाच घरांतून पुढे गेले असतील, त्यामुळे तिचं बोलणं वेगळ्या वहीत जपून ठेवा.