पोर्ट्रेटवरून सायकेडेलिक पोस्टर: रंग थरथरत नाहीत, अक्षरांना जागा उरत नाही

विश्रामबागकर
मदत हवी आहे. मिरजेचे एक सतारवादक काका आणि आमचा ड्रमर मित्र यांचा कार्यक्रम भावे नाट्यमंदिरात ठरलाय आणि पोस्टर माझ्या गळ्यात पडलंय. हवंय ते १९६७च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टरांसारखं: मधे काकांचा चेहरा, त्यातून लाटांसारख्या निघणाऱ्या रेषा, डोळ्यांना झिणझिण्या आणणारे रंग आणि वर हाताने काढलेलं ‘जुगलबंदी’.

फोटो चांगला आहे, एका बाजूने उजेड पडलेला. GIMP मध्ये Threshold लावून Inkscape मध्ये Trace Bitmap केलं. मग बाह्यरेषेला Outset देत कडी काढली. रंग `#FF6A00` आणि `#0000FF`, मधे काळी रेघ. झालंय ते कॅरमबोर्डाच्या मधल्या नक्षीसारखं. रंग भडक आहेत, पण थरथर नाही. शिवाय डोक्याच्या वर कागदच संपतो, अक्षरं कुठे बसवू?

कृष्णाकाठ
रंगचक्रात समोरासमोरचे रंग घेतलेस ते बरोबर. पण दोघांचा उजळपणाही सारखा लागतो, नाहीतर एक रंग पुढे येतो आणि दुसरा मागे बसतो. Hue-Saturation मध्ये Saturation पूर्ण खाली आण. दोन्हीचा करडा एकसारखा आला की काम झालं.

विश्रामबागकर
आणला. दोन्ही हुबेहूब सारखे करडे आले. थरथर तरीही नाही!

तासगावची सई
माझ्या मुलीचा नृत्याच्या वेशातला फोटो असाच करायचाय, शाळेच्या गॅदरिंगसाठी. मोबाईलवर एखादा फिल्टर आहे का? रंग जरा सौम्य चालतील.

मधुरा के
सईताई, सौम्य रंगात हा प्रकार होतच नाही, त्याचा जीवच भडकपणात आहे. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

विश्रामबागकर, कृष्णाकाठचा नियम खरा आहे, मोजायची पट्टी चुकली. तो स्लायडर फक्त रंगाच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्याची सरासरी काढतो, डोळ्याला काय उजळ दिसतं ते त्याला कळत नाही. डोळ्याला शुद्ध निळा फार गडद दिसतो आणि तुझा नारिंगी त्याच्या कितीतरी पुढे आहे. `Colors > Desaturate` मध्ये जाऊन Mode मध्ये Luminance निवड, फरक लगेच दिसेल. आता नारिंगी तोच ठेव आणि निळ्याच्या जागी `#009EFF` घालून परत तीच परीक्षा घे. करड्यात चेहऱ्याची कड जवळजवळ नाहीशी होईल. तिथेच रंगात ती कड नाचायला लागते, कारण रंग ‘इथे रेघ आहे’ म्हणतो आणि उजेड ‘नाही’ म्हणतो. लाल हवा असेल तर `#FF0000` बरोबर `#009400` हा हिरवा जवळपास तंतोतंत बसतो.

दुसरं म्हणजे ती काळी रेघ काढ. दोन रंगांमध्ये काळं आलं की भांडण मिटलं, थरथर गेली. काळा वापरायचाच तर डोळे, नाकपुड्या आणि मिशीत वापर, म्हणजे काका ओळखू येतील. त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टरवाल्या व्हिक्टर मॉस्कोसोची पोस्टरं मोठी करून बघ. येल विद्यापीठात तो जोसेफ आल्बर्सच्या हाताखाली रंग शिकला आणि पुढे त्याने हीच टक्कर मुद्दाम घडवली.

आता कड्यांचं. Outset बाहेर जाईल तसा हनुवटीखालची, नाकाखालची खाच भरत जातो आणि चार-पाच कड्यांनंतर सगळं गोल होतं. त्यापेक्षा चेहऱ्याची रेघ ही एक टोक धर आणि पोस्टरच्या कडेजवळ हाताने एक नागमोडी बंद रेघ काढ, तेलाचा तवंग पसरल्यासारखी. मग `Extensions > Generate from Path > Interpolate Between Paths` ने मधल्या आठ-दहा रेषा करून घे. प्रत्येक रेषेत थोडा चेहरा आणि थोडी लाट येते. दोन्ही रेषा एकाच दिशेने काढलेल्या असू देत आणि सुरुवातीचा बिंदू दोन्हीत टाळूवर ठेव, नाहीतर मधल्या रेषा पिळवटतात. त्याआधी ट्रेस केलेली रेघ एकदा-दोनदा Simplify कर. फोटोतली केसांची कुसळं राहिली तर ती प्रत्येक लाटेत उमटतात.

विश्रामबागकर
बापरे, निळा बदलला आणि खरंच डोळे गरगरले. पण ग्रुपवर व्हॉट्सअॅपने टाकलं तर सगळ्यांना कडा मळकट दिसतायत.

मधुरा के
दिसणारच. फोटो लहान करताना उजेडाची माहिती जपतात आणि रंगाची उभी-आडवी दोन्हीकडे निम्मी करतात. तुझ्या चित्रात कड फक्त रंगातच आहे, तीच पुसली जाते. PNG किंवा PDF करून डॉक्युमेंट म्हणून पाठव.

रंगारी बापू
मी मिरजेत स्क्रीन प्रिंटिंग करतो, लग्नपत्रिका आणि पिशव्या. स्क्रीनवरचं कागदावर येणार नाही बघा. तो निळा डिजिटल मशीनवर बसकाच येतोय. फाइल देण्याआधी नारिंगीच्या पट्टीला चिकटून निळ्याच्या पाच छटा छापून घ्या. मोबाईलच्या कॅमेऱ्यात काळापांढरा फिल्टर लावून बघा, जिथली कड दिसंना तो निळा धरा. लाल-हिरवा घेतलात तर एक सोय होते: दोन्हीत पिवळी शाई असते, त्यामुळे एका रंगाशेजारी दुसरा बसायची नोंदणी केसभर हलली तरी मधे पांढरं दिसत नाही, पिवळं दिसतं. नारिंगी-निळ्यात तशी सोय नाही, तिथे फिकट फट नाहीतर तपकिरी रेघ येणार आणि तपकिरी रेघ तुमच्या काळ्यासारखीच काम बिघडवणार.

दोन स्क्रीन काढून फ्लोरोसंट शाईत छापा, कडक दिसतंय. फक्त उन्हात लावू नका, शाई लवकर उडते.

कृष्णाकाठ
बापू, पोस्टर एसटी स्टँडवर लागणार असेल तर फ्लेक्सच बरा ना?

रंगारी बापू
फ्लेक्सवर बारीक रेघ टिकत नाही हो. मोठा करायचा तर लाटा कमी करून जाड करा.

मधुरा के
अक्षरांची जागा शेवटी शोधू नकोस. डोकं मधोमध न ठेवता खाली सरकव, वरचा तिसरा हिस्सा लाटांना दे. मग टाळूवरच्या दोन लाटांमधली जागा रुंद कर, तोच अक्षरांचा पट्टा. शिरोरेषा बाहेरच्या लाटेला चिकटवायची आणि अक्षरं आत, डोक्याकडे लोंबू द्यायची. पण कमानीत आतली बाजू आकसते, म्हणून अक्षरं खाली एकमेकांवर चढतात. ‘जु’चा उकार सगळ्यात आधी अडतो. तो गोल न काढता डोक्याच्या वळणाबरोबर लांब ओढ, चालतो. ‘बं’चा टिंब आणि ‘दी’ची वेलांटी शिरोरेषेच्या बाहेर जातात, तिथे वरच्या लाटेलाच फुगवटा दे.

आधी पट्ट्याचे पाच खण कर, अक्षराला एक. मग प्रत्येक अक्षर फुगवून खण भर, म्हणजे मधली मोकळी जागाही रेघेइतकीच जाड उरेल. मॉस्कोसोच्याच काळातल्या वेस विल्सनने रोमन अक्षरांत असंच केलं होतं. ‘ल’ मात्र जपून फुगव, पोट बुजलं की ओळखू येत नाही.

कृष्णाकाठ
वाचता यायला नको का पण? तारीख, तिकीट, सगळं थरथरायला लागलं तर लोक येणार कसे?

मधुरा के
तारीख आणि जागा खाली एका शांत पट्टीत, फिकट पिवळ्यावर गडद निळ्यात. थरथर फक्त चेहरा आणि ‘जुगलबंदी’ला.

विश्रामबागकर
खाली सरकवून पाहिलं. आता सतारीचा भोपळा कागदाबाहेर जातोय. काका म्हणतात, भोपळा दिसलाच पाहिजे, चेहरा अर्धा गेला तरी चालेल. भोपळ्यालाच लाटांचं केंद्र केलं तर? आणि बापू, दोन स्क्रीनमध्ये डोळ्यांचा काळा कसा बसवायचा, तिसरा स्क्रीन लागेल का?

रंगारी बापू
तिसरा लागंल. नाहीतर निळ्यावर नारिंगी चढवून गडद मिळतोय का ते बघायचं, पण फ्लोरोसंटमध्ये तो कितपत गडद येईल ते छापल्याशिवाय सांगत नाही. दुकानात या, कागद घेऊनच या.