मदत हवी आहे: बाटली रिकामी झाली तरी सेन्सर पाणी दाखवतोय

नमस्कार मंडळी, नाशिकला इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लॅस्टिकच्या सरळ बाटलीवर बाहेरून तांब्याच्या पट्टीचे दोन उभे तुकडे शेजारीशेजारी चिकटवलेत, मध्ये ५ मिमी फट. एक तुकडा ग्राउंडला, दुसरा ७५५५ टायमरच्या पिन २ आणि ६ ला. R1 १० किलोओहम, R2 १ मेगाओहम. (आधी साधा ५५५ लावला होता, एवढ्या मोठ्या रेझिस्टरवर त्याच्या पिन ६ चा करंटच घोळ घालत होता.)

मी फ्रिक्वेन्सी नाही, पिरियड मोजतो, कारण तो कपॅसिटन्सच्या प्रमाणात वाढतो:

```
T = 0.693 * (R1 + 2*R2) * C
```

रिकाम्या बाटलीला २८ मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण २० पिकोफॅरड. भरताना आलेख झकास सरळ येतो. घोळ उपसताना होतो. बाटली पूर्ण रिकामी केली तरी रीडिंग ४१ वर अडतं आणि दहाएक मिनिटांनी हळूहळू २८ ला येतं. आतून फडक्याने पुसली की लगेच २८! म्हणजे भिंतीला चिकटलेला नळाच्या पाण्याचा पातळ थर दोन्ही पट्ट्यांना आतून जोडतोय, असा माझा कयास. शेंगदाणा तेलाने करून पाहिलं. बदल फारच कमी, पण रीडिंग निमूट परत येतं. आईने तेलाचा हिशोब मागितला, ते वेगळंच.

पट्ट्या समोरासमोर लावल्या तर थराचा परिणाम कमी होईल का? की आतून मेणाचा हात द्यावा? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा, सबमिशन सोमवारी आहे.